नोटिशीवरचे पहिले नाव

कंपनीविरुद्ध तक्रार करायची म्हटली की गावात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा की थेट मालकाला लिहा, खालचे लोक दाद देत नाहीत. दुसरा असा की ज्याने माल विकला त्यालाच धरा, कंपनीला कुठे शोधत बसता? ऐकायला हे सल्ले परस्परविरोधी वाटतात, पण दोघांच्या मुळाशी समजूत एकच आहे. नोटीस म्हणजे दबाव, आणि ज्याच्यावर दबाव लवकर पडेल त्याचे नाव वर लिहायचे. ही समजूत मला उथळ वाटते, आणि तिची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

माझे म्हणणे असे आहे. नोटीस कोणाला द्यायची हे समोरच्याच्या हुद्द्यावरून ठरत नाही, आपण त्याच्याकडून काय मागतो यावरून ठरते. म्हणून आधी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: देणे कोणाच्या अंगावर आहे, पत्र कुठे पोचले म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पोचले, आणि आज या घडीला पुरावा कोणाच्या ताब्यात आहे. या तिन्हींची उत्तरे बहुतेक वेळा वेगवेगळी निघतात. मालकाचे नाव शोधण्यात दिवस घालवणारा माणूस तिन्ही प्रश्न एकाच नावात कोंबतो आणि पुढे तिन्हीकडे अडतो.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न सर्वात जास्त बियाण्यांच्या बाबतीत उभा राहतो. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे जालना हे बियाणे उद्योगाचे गाव म्हणून देशभर ओळखले गेले. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मराठवाड्यात इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. म्हणून उदाहरण तेच घेऊ. समजा, घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीच्या एका शेतकऱ्याने तिथल्याच कृषी सेवा केंद्रातून सोयाबीनच्या चार पिशव्या घेतल्या, चांगल्या ओलीवर पेरल्या, आणि आठव्या दिवशी शेतात तासाला चार-दोन रोपे दिसत आहेत. त्याने कोणाला लिहायचे?

१. देणे कोणाचे? आधी पिशवी वाचा

उत्तराची सुरुवात रिकाम्या पिशवीपासून होते. तिच्यावर बहुधा दोन नावे असतात, कधी तीन. एक उत्पादन किंवा प्रक्रिया करणाऱ्याचे, एक विक्री-वितरण करणाऱ्याचे, आणि वर मोठ्या अक्षरात ब्रँड. शेतकऱ्याला ब्रँड माहीत असतो, आणि ब्रँड म्हणजेच कंपनी असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात ब्रँड हे नुसते चिन्ह आहे. त्यामागे कोणती नोंदलेली कंपनी उभी आहे, हे 'प्रायव्हेट लिमिटेड' किंवा 'लिमिटेड' असे शेपूट असलेल्या नावावरून कळते. नोटिशीत ते पूर्ण नाव, शेपटासकट, जसेच्या तसे उतरवावे. एकाच घराण्याच्या मिळत्याजुळत्या नावांच्या दोन-तीन कंपन्या असणे ही नवलाची गोष्ट नाही. अर्धे नाव लिहिले की "ती कंपनी आम्ही नव्हे" हे उत्तर तयारच असते.

आता दोन कंपन्यांपैकी कोणती धरायची? विक्री करणारी म्हणते, बी आम्ही पिकवले नाही. पिकवणारी म्हणते, आम्ही शेतकऱ्याला काही विकले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही पळवाट बुजवली आहे. या कायद्यात उत्पादक कोण याची व्याख्या रुंद आहे. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर जो स्वतःचे चिन्ह लावतो किंवा लावून घेतो, तोही उत्पादकच ठरतो. म्हणून ज्या कंपनीचे चिन्ह पिशवीवर आहे ती पहिली, प्रत्यक्ष उत्पादन करणारी दुसरी, आणि मागणी दोघींकडे, एकत्रित आणि स्वतंत्रपणेही.

दुकानदाराचे स्थान याहून नाजूक आहे. सीलबंद पिशवी त्याने उघडलीच नाही, तर आतल्या बियाण्याच्या दोषाला तो जबाबदार कसा, हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि कायदाही बऱ्याच अंशी तो मान्य करतो. पण त्याच कायद्याच्या ८६ व्या कलमात विक्रेत्यावर जबाबदारी येण्याचे ठराविक प्रसंग दिले आहेत. उत्पादक कोण हे कळतच नसेल, किंवा कळूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता उत्तरदायी ठरू शकतो. विक्रेत्याने स्वतंत्र हमी दिली असेल आणि ती खोटी ठरली, किंवा माल हाताळण्यात वाजवी काळजी घेतली नसेल, तरीही. उन्हात पत्र्याखाली ठेवलेल्या पिशव्यांचा प्रश्न इथे येतो. म्हणून दुकानदाराचे नाव नोटिशीत हवेच, पण त्याच्या नावापुढची मागणी वेगळी हवी. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

एक बारकावा. कृषी सेवा केंद्र ही बहुतेक वेळा कंपनी नसते. ती एका माणसाची मालकी असते किंवा भागीदारी. परवाना आणि पावती ज्या नावाने आहे ते नाव पाहून 'अमुक कृषी सेवा केंद्र, तर्फे प्रोप्रायटर' किंवा 'तर्फे भागीदार' असे लिहावे. गल्ल्यावर बसणारा मुलगा किंवा पुतण्या असेल, त्याच्या नावाने लिहून उपयोग नाही. शिवाय पक्की पावती, म्हणजे लॉट नंबर लिहिलेली, हाताशी नसेल तर आधी तीच मागावी. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार पावती देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

२. पोचले म्हणजे कुठे पोचले?

जालन्याच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीचे प्रक्रिया केंद्र आहे, तिथे ट्रक भरतात, माणसे ये-जा करतात. तीर्थपुरीहून मोटरसायकलवर जाऊन तिथल्या गेटवर कागद दिला की काम झाले असे वाटते. सिक्युरिटीवाला कागद घेतो, कधी सही देतो, कधी देत नाही. हा कागद कंपनीला मिळाला का? व्यवहारात कदाचित मिळाला असेल. कायद्यात मात्र त्यावर वाद घालायला भरपूर जागा राहते.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे १२ वे कलम सांगते की प्रत्येक कंपनीचे एक नोंदणीकृत कार्यालय असलेच पाहिजे, आणि ते पत्रव्यवहार आणि नोटिसा स्वीकारून पोच देण्याच्या स्थितीत असले पाहिजे. २० वे कलम सांगते की कंपनीवर किंवा तिच्या अधिकाऱ्यावर कागद बजावायचा तो या कार्यालयात, रजिस्टर पोस्टाने, स्पीड पोस्टाने, कुरियरने किंवा तिथे समक्ष ठेवून. ठरलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही चालतो. म्हणजे कारखाना जालन्यात, विभागीय कार्यालय संभाजीनगरात आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत किंवा हैदराबादेत असेल, तर मूळ नोटीस मुंबईला किंवा हैदराबादेला जाते. जालन्याच्या पत्त्यावर प्रत जरूर पाठवावी, कारण शेतावर येणारा माणूस तिथूनच येतो. पण ती प्रत असते.

हा पत्ता शोधायला वकील लागत नाही. कंपनीच्या बिलांवर आणि पत्रांवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, ईमेल आणि एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक छापणे त्याच १२ व्या कलमाने बंधनकारक केले आहे. त्या क्रमांकाच्या मधोमध राज्याची दोन अक्षरे असतात. `MH` असेल तर महाराष्ट्र. त्यापुढचे चार आकडे स्थापनेचे वर्ष आणि नंतर `PTC` किंवा `PLC`, म्हणजे खाजगी की सार्वजनिक. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की आजचा नोंदणीकृत पत्ता दिसतो. पिशवीवरचा पत्ता जुना असू शकतो, म्हणून ही खात्री करून घ्यावी आणि ते पान छापून नोटिशीच्या प्रतीला जोडून ठेवावे.

पाकीट परत आले तर? त्यावरचा पोस्टमनचा शेरा पाहा. 'घेण्यास नकार' असा शेरा असेल तर बजावणी झाली असेच सर्वसाधारणपणे धरले जाते. बरोबर पत्ता आणि पूर्ण टपालखर्च असलेले पत्र पोचले असे गृहीत धरण्याची तरतूद १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यात, २७ व्या कलमात आहे. 'पत्त्यावर नाहीत' असा शेरा असेल आणि पत्ता मंत्रालयाच्या नोंदीतलाच असेल, तरी आपली बाजू भक्कम राहते, कारण पत्ता बदलला तर तो नोंदवणे कंपनीचे कर्तव्य आहे. गेटवर दिलेल्या कागदाला असे कोणतेही पाठबळ नसते. परत आलेले पाकीट फोडू नये. बंद पाकीट हाच पुरावा असतो. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले, त्यामुळे आता पोस्टाच्या खिडकीवर स्पीड पोस्टच करायचे, मात्र पोच मिळण्याची सोय मागून घ्यायची. ट्रॅकिंगचे पान लगेच छापून ठेवायचे.

३. माणूस की पद?

मालकाला लिहा, या सल्ल्याची खरी अडचण इथे आहे. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. देणे तिचे आहे, चेअरमनचे नाही. चेअरमनच्या वैयक्तिक नावाने, कंपनीचा उल्लेख न करता नोटीस गेली, तर जिच्याकडून पैसे हवेत तिला आपण काहीच विचारलेले नाही. चेक न वटल्याच्या खटल्यांत हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अनीता हाडा खटल्यात स्पष्ट केला. चेक कंपनीचा असेल तर कंपनीला आरोपी केल्याशिवाय नुसत्या संचालकावर खटला चालत नाही. बियाण्याची भरपाई ही वेगळी बाब आहे, पण न्यायाची रीत तीच आहे.

म्हणून पहिली ओळ कंपनीची, दुसरी पदाची. 'अमुक सीड्स प्रायव्हेट लिमिटेड, तर्फे संचालक', आणि खाली नोंदणीकृत पत्ता. बरेच वकील 'तर्फे कंपनी सेक्रेटरी' असे लिहितात. मोठ्या कंपनीत ते योग्य आहे. पण दहा कोटींहून कमी भरणा भांडवल असलेल्या खाजगी कंपनीवर पूर्णवेळ सेक्रेटरी नेमण्याचे बंधनच नाही, आणि अनेक लहान बियाणे कंपन्या याच गटात मोडतात. तिथे 'संचालक' किंवा 'प्राधिकृत अधिकारी' लिहावे. नाव शक्यतो लिहू नये. माणूस राजीनामा देतो, पद राहते.

४. प्रत्येकाकडून काय मागायचे?

इथपर्यंतची मांडणी नीट लिहिलेली कोणतीही नोटीस पाळते. नोटिसा खऱ्या फसतात त्या पुढच्या टप्प्यावर. चौघांना एकच मजकूर जातो, 'माझे इतके नुकसान झाले, पंधरा दिवसांत भरून द्या', आणि चौघेही उत्तर देतात की आमचा संबंध नाही. प्रत्येकाच्या हातात काय आहे याचा विचारच झालेला नसतो.

बियाण्याच्या तक्रारीत वेळ हा सर्वात मोठा शत्रू आहे. पेरणीचा हंगाम निघून चाललेला असतो, शेतकऱ्याला दुबार पेरणी करायची असते, आणि एकदा शेत मोडले की उगवण किती होती हे पाहायला काही उरत नाही. कंपनीचा बचाव ठरलेला असतो: बी खोल पडले, पाऊस कमी होता, बीजप्रक्रिया चुकली. या बचावाला उत्तर शेतातच मिळते, आणि तेही थोडे दिवसच. म्हणून पहिला कागद भरपाई मागणारा नसतो, पाहणी मागणारा असतो. आणि तो कंपनीच्याही आधी सरकारी माणसाकडे जातो.

तो माणूस म्हणजे तालुका कृषी अधिकारी, आणि पंचायत समितीचा कृषी अधिकारी. बियाणे नियम १९६८ मधला २३-अ हा नियम इथे उपयोगी पडतो. अधिसूचित वाणाचे पीक बियाण्याच्या दोषामुळे गेले अशी लेखी तक्रार आली, तर बियाणे निरीक्षकाने पिशवी, लेबल आणि उरलेले बी शक्य तितके ताब्यात घ्यायचे, त्या लॉटचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि कारणाचा शोध घ्यायचा. 'लेखी' हा शब्द महत्त्वाचा. फोनवर सांगितलेले, गावात आलेल्या कृषी कर्मचाऱ्याला तोंडी सांगितलेले या नियमात बसत नाही. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. त्यावरून तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येते आणि पंचनामा होतो.

त्याच दिवशी कंपनीला पहिले पत्र जाते, स्पीड पोस्टाने आणि मंत्रालयाच्या नोंदीतल्या ईमेलवर. त्यात रकमेचा आग्रह नको. त्यात तीन गोष्टी हव्यात. लॉट नंबर, पेरणीची तारीख आणि उगवण किती दिसते ते. पाहणीसाठी अर्ज केला आहे, आपला प्रतिनिधी पाठवा, ही सूचना. आणि या लॉटचा राखून ठेवलेला नमुना, उगवण चाचणीची नोंद आणि विक्रीच्या नोंदी जपून ठेवा, ही मागणी. पुढे पंचनामा आम्हाला न कळवता झाला, असे म्हणण्याची सोय कंपनीला राहत नाही. राखीव नमुन्याची मागणी तर विशेष मोलाची आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात, २०१२ साली, शेतकऱ्याने प्रयोगशाळेसाठी बी दिले नाही हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. शेतकरी सगळे बी पेरूनच टाकतो, तपासणीसाठी बाजूला काढून ठेवील ही अपेक्षा चुकीची आहे, आणि नमुना तपासायचा तर तशी मागणी कंपनीनेही करायला हवी होती, असा त्याचा आशय. ज्या कंपनीने आपले पत्र मिळूनही नमुना पुढे केला नाही, तिचे मौन ग्राहक आयोगापुढे बोलते.

दुकानदाराला जाणारे पत्र अगदी वेगळे असते. या लॉटच्या किती पिशव्या आल्या, किती विकल्या, किती शिल्लक आहेत, ते साठा रजिस्टर जपून ठेवा. शिल्लक सीलबंद पिशव्या परत पाठवू नका, बियाणे निरीक्षकाला नमुना घेऊ द्या. एवढेच. कंपनी माल परत उचलून नेण्याच्या आत हे पत्र पोचले पाहिजे, आणि ते समक्ष देऊन सही घेतली तरी चालते. सीलबंद पिशवीतला नमुना सोयाबीनच्या किमान सत्तर टक्के उगवणीच्या निकषावर नापास झाला, तर खोल पेरणीचा बचाव जवळजवळ संपतो.

भरपाईची नोटीस येते ती पंचनामा हातात पडल्यावर. बियाण्याची किंमत, पेरणीचा आणि खताचा खर्च, दुबार पेरणी, घटलेले उत्पन्न असा हिशेब मांडून ती चिन्हधारक कंपनीला आणि उत्पादकाला जाते, आणि दुकानदाराला त्याच्या मर्यादित जबाबदारीच्या उल्लेखासह. किती दिवसांची मुदत द्यायची हे कायद्याने ठरवलेले नाही. पंधरा ते तीस दिवस रास्त.

आक्षेप: ग्राहक आयोगात नोटीस सक्तीची नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

ती सक्तीची नाही हे खरे. तीर्थपुरीचा शेतकरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे जालन्यातच, तक्रार दाखल करू शकतो, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. पण दोन वर्षांची मुदत तक्रारीला आहे, पुराव्याला नाही. आठव्या दिवशी गेलेली पत्रे हा पुरावा जागच्या जागी धरून ठेवतात. ती योग्य माणसाकडे गेली नाहीत तर आयोगात पोचेपर्यंत लॉटही संपलेला असतो आणि रजिस्टरही.

आक्षेप: सगळ्यांनाच प्रती पाठवल्या तर?

पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कंपनीचे सर्व संचालक, दोन वर्तमानपत्रे अशी यादी मी नोटिशीखाली पाहिलेली आहे. माझे मत तिच्या विरोधात आहे. ज्याच्यावर कायद्याने काही करण्याचे बंधन आहे त्यालाच प्रत द्यावी, आणि त्याने काय करायचे ते त्या प्रतीवर एका ओळीत लिहावे. बाकीच्यांकडे ती 'माहितीसाठी' फाइलला लागते, आणि ज्याने खरोखर हालायचे असते तोही दुसरा कोणी पाहील असे समजतो.

आक्षेप: दुकानदार आपलाच माणूस, तो उधारीवर माल देतो

हा आक्षेप मला सर्वात खरा वाटतो. पेरणीच्या तोंडावर बँक दारात उभी करत नाही तेव्हा हाच माणूस खत-बियाणे देतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वर सांगितलेल्या पत्रात त्याच्यावर आरोप नाही. त्याच्या दप्तरातली नोंद जपण्याची विनंती आहे, आणि ती त्याच्याही हिताची आहे: बी सीलबंद आले होते आणि सीलबंदच विकले, हे त्याच रजिस्टरवरून सिद्ध होते. हे त्याला बसून समजावून सांगता येते. त्याला वगळले तर मात्र खरेदीची साखळी केवळ एका पावतीवर लटकते.

समोर कंपनीच नसेल तर

शेवटचा मुद्दा थोडक्यात, पण तीर्थपुरीत तो टाळता येणार नाही. महाबीज सरकारची म्हणून लोक तिची तक्रार नुसती कृषी खात्याकडे पाठवून थांबतात. ती १९७६ साली स्थापन झालेली कंपनी आहे, मुख्यालय अकोल्यात आहे, आणि वरची सगळी रीत तिला लागू पडते. उलट याच गावाच्या परिसरातला सहकारी साखर कारखाना व्यवहारात कंपनीसारखा दिसतो, त्यालाही चेअरमन आहे, एमडी आहे, पण तो कंपनी नाही, सहकारी संस्था आहे. कंपनी कायद्याचे २० वे कलम त्याला लागू नाही. अशा संस्थेच्या कामकाजाशी संबंधित दिवाणी दावा लावायचा असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या १६४ व्या कलमाप्रमाणे नोटीस निबंधकाला द्यावी लागते, आणि ती दिल्यावर दोन महिने उलटेपर्यंत दावा दाखल करता येत नाही. चेअरमनला पाठवलेल्या कितीही नोटिसा तिची जागा घेत नाहीत. त्या नोटिशीत दाव्याचे कारण, दावा लावणाऱ्याचे नाव आणि राहण्याचे ठिकाण, आणि कोणती दाद हवी ते लिहावे लागते, आणि अशी नोटीस दिली आहे हे पुढे दाव्यातही नमूद करावे लागते.